फोटोवरून ठिकाण ओळखणारं मॉडेल पुन्हा पुन्हा त्याच चुकीच्या जागी का नेतं?

तक्रार साधारण अशी असते. फोटो दिला, मॉडेलने शहराचं नाव दिलं, अक्षांश-रेखांश दिले, वर भरघोस खात्रीचा आकडाही दिला, आणि फोटो निघाला दुसऱ्याच खंडातला. त्याच जागेचा दुसरा फोटो दिला तरी उत्तर तेच. एकदाच झालेली चूक सोडून देता येते. पण तीच चूक सारखी होते तेव्हा मॉडेल फोटोतल्या कुठल्यातरी ठरावीक गोष्टीला धरून बसलेलं असतं. ती गोष्ट कोणती हे शोधून काढणं म्हणजेच इथली दुरुस्ती.

मॉडेल नेमकं काय सांगत असतं

या कामात मुख्यतः दोन पद्धती रुळल्या. २००८ साली मांडलेल्या आयएम२जीपीएस पद्धतीत जीपीएसची नोंद असलेल्या साठ लाखांहून जास्त फोटोंचा साठा होता. नवीन फोटो आला की त्याच्यासारखे दिसणारे फोटो साठ्यात शोधायचे आणि ते जिथले असतील ती जागा सांगायची. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या प्लॅनेट मॉडेलने पृथ्वीचे सुमारे २६ हजार चौकोन पाडले आणि फोटो कुठल्या चौकोनातला आहे एवढाच प्रश्न विचारला. जिथून फोटो भरपूर येतात तिथे चौकोन लहान, जिथून कमी येतात तिथे मोठे, आणि जिथून जवळजवळ फोटोच नाहीत ते भाग यादीतून वगळलेले. पुढची बरीचशी मॉडेलं या दोन कल्पनांवरच उभी आहेत.

यातून तीन गोष्टी निघतात आणि बहुतेक चुकांचं मूळ त्यांतच सापडतं. पहिली म्हणजे मॉडेल ‘हा फोटो कुठे काढला’ हे सांगतच नाही. ‘असे दिसणारे फोटो माझ्या साठ्यात कुठले होते’ हे ते सांगतं. दुसरी, खरी जागा यादीतच नसेल तरी त्याला यादीतलंच काहीतरी निवडावं लागतं. सगळ्या चौकोनांच्या शक्यतांची बेरीज १ व्हावी अशीच गणिताची रचना असते, त्यामुळे ‘माहीत नाही’ हा पर्याय मुळात नसतो. तिसरी गोष्ट अक्षांश-रेखांशांची. दशांशचिन्हानंतर सहा आकडे दिसले म्हणून उत्तर अचूक आहे असं समजू नका. अक्षांशाचा सहावा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारे ११ सेंटीमीटर. मॉडेलने चौकोनाचा मध्यबिंदू छापलेला असतो आणि तो चौकोन शेकडो किलोमीटरचाही असू शकतो.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून दोनच आकडे देतो. प्लॅनेटच्या स्वतःच्या चाचणीत देशाच्या पातळीवर बरोबर आलेली उत्तरं २८.४ टक्के होती आणि रस्त्याच्या पातळीवर ३.६ टक्के. नंतरची मॉडेलं यापेक्षा बरीच पुढे गेली आहेत, पण त्यांचे चांगले आकडे बहुधा गूगलच्या गाड्यांनी रस्त्यावरून टिपलेल्या स्ट्रीट व्ह्यूच्या चित्रांवरचे असतात. तिथे कॅमेरा ठरावीक उंचीवर असतो, रस्ता समोर असतो आणि कधीकधी गाडीचाच भाग दिसतो. केनियातल्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये गाडीचा स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी उभी नळी, दिसतो हे जिओगेसर हा जागा ओळखण्याचा खेळ खेळणाऱ्यांना पाठ असतं. मॉडेलही तसलंच काही शिकू शकतं. मग केनियात फोनवर काढलेल्या फोटोत तो स्नॉर्केल नसतो आणि मॉडेलचा आधारच निघून जातो.

एक उदाहरण: लाल झुलता पूल

सारख्या दिसणाऱ्या जागांचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट आणि लिस्बनचा २५ एप्रिल पूल. पहिला १९३७ साली सुरू झाला, दुसरा १९६६ साली. दोन्ही झुलते, दोन्ही नारिंगी-लाल, दोन्ही महासागराच्या तोंडाशी. पोर्तुगालमधल्या पुलाचे फोटो गोल्डन गेट म्हणून ओळखले जाणं ही ठरलेली चूक आहे, आणि माणसांकडूनही ती होते.

ठिकाण शोधणारे एरवी ज्या खुणांवर भरवसा ठेवतात त्यातल्या बहुतेक खुणा इथे निकामी होतात. म्हणून हे उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. सावल्यांवरून अक्षांश काढावा म्हटलं तर लिस्बनचा पूल उत्तर अक्षांश ३८.७ वर आणि गोल्डन गेट ३७.८ वर. सूर्याच्या उंचीतला फरक एका अंशाच्या आत, आणि एका फोटोवरून तो मोजणं शक्य नाही. दोन्ही पूल साधारण उत्तर-दक्षिण, त्यामुळे सावलीची दिशाही मदत करत नाही. हवामान दोन्हीकडे उन्हाळी कोरडं, म्हणून टेकड्यांवर वाळलेलं पिवळं गवत दोन्हीकडे. वाहनं दोन्हीकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने. मॉडेलच्या बाजूने बघितलं तर त्याला सगळे पुरावे जुळलेले दिसतात, आणि साठ्यात गोल्डन गेटचे फोटो बहुधा कितीतरी जास्त असतात. मग पारडं तिकडे झुकलं तर नवल नाही.

फरक आहे तो बांधकामात. गोल्डन गेटच्या मनोऱ्यांना रस्त्याच्या वर फक्त आडव्या तुळया आहेत, म्हणजे मनोरा एकावर एक ठेवलेल्या चौकटींसारखा दिसतो. फुलीच्या आकाराचे तिरके आधार तिथे फक्त रस्त्याच्या खाली आहेत. लिस्बनच्या पुलाला रस्त्याच्या वरही फुल्या आहेत. लिस्बनच्या पुलावर खालच्या मजल्यावरून रेल्वे जाते, पण ती १९९९ पासून. त्याआधीच्या फोटोत गाडी शोधू नका. आणि लिस्बनच्या दक्षिण तीरावर, आल्मादाच्या बाजूला, हात पसरलेला क्रिस्तो रे पुतळा आहे. तो १९५९ पासून तिथे आहे, म्हणजे पुलाच्या कुठल्याही फोटोपेक्षा जुना.

मग एवढा मोठा पुतळा मॉडेलला का दिसत नाही? कारण चित्र आत जाताना बारीक केलं जातं. यातली बरीच मॉडेलं क्लिप नावाच्या चित्र-मजकूर मॉडेलवर उभी आहेत आणि ती २२४ किंवा ३३६ पिक्सेलचा चौकोन घेतात. ४००० बाय २६६७ पिक्सेलच्या फोटोची लहान बाजू ३३६ वर आणली की ६० पिक्सेल उंच दिसणारा पुतळा सात-आठ पिक्सेलचा ठिपका होतो. शिवाय चौकोन करण्यासाठी मधला भाग ठेवून कडा कापल्या जातात. अशा फोटोची डावी-उजवी मिळून एक तृतीयांश रुंदी गळून पडते. पुतळा कडेला असेल तर तो मॉडेलपर्यंत पोचलेलाच नसतो. मनोऱ्यावरच्या फुल्याही या आकारात पुसट होतात. उरतो तो लाल रंग, दोरांची झोकदार कमान आणि मागचं पाणी.

काय धरून बसलंय ते शोधणं

इथे अंदाज बांधत बसू नका, चाचणी करा. फोटोच्या काही प्रती बनवायच्या, प्रत्येकीत एकच गोष्ट बदलायची आणि सगळ्या मॉडेलला द्यायच्या. चित्रं बदलणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्रामने हे पाच मिनिटांचं काम आहे.

```
magick foto.jpg -colorspace Gray rangheen.jpg
magick foto.jpg -flop ulta.jpg
magick foto.jpg -gravity South -crop 100%x60%+0+0 +repage khalcha.jpg
magick foto.jpg -fill gray -draw "rectangle 900,700 3100,1600" zakla.jpg
magick foto.jpg -crop 1000x1000+2900+700 +repage tukda.jpg
```

पहिली प्रत रंग काढते, दुसरी डावं-उजवं उलटं करते, तिसरी वरचं ४० टक्के आकाश कापते, चौथी मुख्य वस्तूवर राखाडी पट्टी टाकते आणि पाचवी कडेचा एक तुकडा मोठा करून देते. आकडे तुमच्या फोटोप्रमाणे बदला. प्रत्येक वेळी फक्त पहिलं उत्तर लिहून ठेवू नका, पहिली पाच लिहा, शक्यतेसकट.

वाचायचं असं. मुख्य वस्तू झाकल्यावर उत्तर दुसऱ्या खंडात गेलं, तर मॉडेल फक्त त्या वस्तूवर उभं होतं. मागचा परिसर त्याला काहीच सांगत नव्हता. सारख्या दिसणाऱ्या जागांच्या बाबतीत हे हमखास दिसतं. रंग काढल्यावर उत्तर हललं, तर ते रंगावर टेकलेलं होतं आणि फोटोवर फिल्टर असेल तर ते उत्तर टाकाऊच समजा. आकाश कापल्यावर हललं, तर आकाश खरं आहे का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि काहीही केलं तरी पहिली पाच उत्तरं पाच वेगळ्या देशांत पसरलेली असतील, तर मॉडेलला काहीच सापडलेलं नाही. छापलेली टक्केवारी तेव्हा कितीही असो, ते फक्त पाचांतलं त्यातल्या त्यात बरं उत्तर आहे.

उलटी केलेली प्रत वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची. पाटीवरची अक्षरं सोडली तर बऱ्याच मॉडेलांना आरशातली प्रतिमा आणि मूळ यातला फरक जाणवत नाही. दोन्हींना उत्तर तेच आलं तर मॉडेल वाहनं कुठल्या बाजूने चालतात याला फारसं महत्त्व देत नाही एवढं समजतं. ती खूण मग तुम्हाला स्वतः तपासावी लागते.

सगळ्यात कामाची मात्र पाचवी प्रत, म्हणजे तुकडा. पुतळ्याचा, मनोऱ्याच्या वरच्या भागाचा, पाटीचा असे तीन-चार तुकडे वेगवेगळे दिले की लहान करताना हरवलेला तपशील परत येतो. पूर्ण चित्राचं आणि तुकड्याचं उत्तर वेगळं आलं तर कोणाचं खरं? तुकड्यातली गोष्ट दुसरीकडे असू शकते का, हा प्रश्न विचारा. हात पसरलेले ख्रिस्ताचे पुतळे जगात अनेक आहेत, त्यामुळे नुसत्या पुतळ्याचा तुकडा रिओकडे नेऊ शकतो. पुतळा आणि फुल्यांचा मनोरा एकाच चौकटीत ठेवून कापा.

मोजून निकाल लावणं

डोळ्यांना शंका राहिली तर मोजमाप करता येतं. झुलत्या पुलाला मधला मोठा गाळा आणि दोन्ही बाजूंना एकेक लहान गाळा असतो. गोल्डन गेटचा मधला गाळा १२८० मीटर आणि बाजूचे ३४३. लिस्बनचा मधला १०१३ आणि बाजूचे ४८३. म्हणजे बाजूचा गाळा गोल्डन गेटला मधल्याच्या पाव भागाहून जरासा जास्त, तर लिस्बनला जवळजवळ निम्मा. रंग बदला, चित्र उलटं करा, लहान-मोठं करा, हे प्रमाण तसंच राहतं.

पण ते तसं राहतं फक्त समोरून काढलेल्या फोटोत. तिरक्या कोनातून जवळचा गाळा लांब आणि दूरचा आखूड दिसतो, आणि इथेच माणसं फसतात. हिशेबासाठी असा फोटो धरू की लिस्बनच्या पुलाची चार टोकं, म्हणजे जवळचा शेवट, पहिला मनोरा, दुसरा मनोरा आणि दूरचा शेवट, रस्त्याच्या रेषेवर अनुक्रमे १००, ८३१, १५९८ आणि १८०६ पिक्सेलवर येतात. दूरचा गाळा २०८ पिक्सेल, मधला ७६७. भागाकार ०.२७. हे तर गोल्डन गेटचं प्रमाण! एवढ्यावर थांबलात तर मॉडेलची चूक तुम्ही स्वतः पक्की केलीत.

यातून बाहेर काढणारं एक जुनं भूमितीचं हत्यार आहे. एका सरळ रेषेवरच्या चार बिंदूंचं पुढचं गुणोत्तर कॅमेऱ्याच्या कोनाने बदलत नाही. त्याला क्रॉस-रेशो म्हणतात. वरची चार टोकं त्याच क्रमाने A, B, C, D धरा; `AC` म्हणजे A पासून C पर्यंतचं अंतर.

```
k = (AC * BD) / (BC * AD)
```

प्रत्यक्षातल्या मीटरवरून गोल्डन गेटचं `k` सुमारे १.०५ येतं आणि लिस्बनचं १.१२. आता वरचे पिक्सेल घाला: `AC` १४९८, `BD` ९७५, `BC` ७६७, `AD` १७०६. उत्तर १.१२. म्हणजे साधा भागाकार फसवत होता आणि क्रॉस-रेशोने पूल लिस्बनचा ठरवला.

मर्यादाही सांगायला हव्यात. चारही बिंदू रस्त्याच्या एकाच रेषेवर घ्या. मनोऱ्याची टोकं आणि दोरांची टोकं मिसळलीत तर आकड्याला अर्थ नाही. वाइड लेन्सने रेषा वाकवली असेल तर आधी ती सरळ करा. एखादा बिंदू पाच-सहा पिक्सेलने चुकला तर `k` शंभराव्या भागापेक्षा कमीच हलतं, त्यामुळे १.०५ आणि १.१२ वेगळे ओळखू येतात, पण बिंदू धुक्यात हरवला असेल तर हा उपाय सोडून द्या.

आणखी एक खाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोतच १९३६ सालचा बे ब्रिज आहे. त्याच्या पश्चिम भागाला मनोऱ्यावर फुल्या आहेत आणि रस्त्याचे दोन मजले आहेत. त्याचा रंग राखाडी, म्हणून रंगीत फोटोत घोळ होत नाही. पण तुम्ही लिस्बनच्या फोटोचा रंग काढलात की तो बे ब्रिजसारखा दिसायला लागतो. त्याचं `k` साधारण १.१३ येतं, म्हणजे लिस्बनच्या इतकं जवळ की मोजमापाने निकाल लागत नाही. तिथे मनोरे मोजा. बे ब्रिजचा पश्चिम भाग म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन झुलते पूल आहेत. मनोरे चार, आणि मध्ये पाण्यात काँक्रीटचा प्रचंड ठोकळा. लिस्बनला मनोरे दोनच.

स्टॉक दृश्यं: जागा खरी, पण सांगण्यासारखं काही नाही

हिरवी टेकडी, निळं आकाश, दोन पांढरे ढग. विंडोज एक्सपीची ही पार्श्वभूमी अनेकांनी वर्षानुवर्षं बघितली. चार्ल्स ओ'रिअर यांनी तो फोटो १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढला. मात्र एक्सपीच्या डच आवृत्तीत त्याच फाइलचं नाव आयर्लंड होतं. टेकडी आयर्लंडची वाटते हे खरंच. तिथली द्राक्षवेलींची लागवड रोगामुळे काढून टाकलेली होती म्हणून त्या काळात तिथे नुसतं गवत दिसलं. नंतर वेली परत लावल्या गेल्या. म्हणजे योग्य जागी जाऊन उभं राहिलं तरी ते दृश्य आता जुळत नाही.

कोणालाही वापरता यावेत म्हणून तयार विकल्या जाणाऱ्या स्टॉक फोटोंची अडचण हीच. ते मुद्दाम कुठलेही वाटावेत असे निवडलेले असतात, कारण तसेच जास्त वेळा विकले जातात. पाटी नको, वाहनाची नंबरप्लेट नको, ओळखू येणारी इमारत नको. ठिकाण सांगणारी प्रत्येक गोष्ट चौकटीबाहेर ठेवल्यावर मॉडेलकडे रंग आणि पोत तेवढा उरतो. त्यातून तोच फोटो दहा वेगवेगळ्या सहलींच्या जाहिरातींत वापरला जातो आणि प्रत्येक ठिकाणी शेजारी वेगळ्या गावाचं नाव असतं. अशा पानांवरून मजकूर आणि चित्रांच्या जोड्या उचलून मॉडेल शिकवलं असेल, तर त्याने चूकच पाठ केलेली असते.

म्हणून दृश्य सपाट वाटलं, म्हणजे फक्त किनारा, फक्त शेत, फक्त धुक्यातलं जंगल असं असलं, तर मॉडेलकडे जाण्याआधी उलट शोध घ्या, म्हणजे तेच चित्र इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधा. टिनआय या उलट शोधाच्या संकेतस्थळावर निकाल सगळ्यात जुन्या तारखेपासून लावता येतात. ती तारीख त्यांच्या यंत्रणेला चित्र पहिल्यांदा कधी सापडलं याची असते, फोटो काढल्याची नाही, पण मूळ प्रतीकडे जाण्याचा रस्ता त्यातून मिळतो. सगळ्यात मोठ्या आकाराची प्रतही उघडा. न कापलेल्या प्रतीत कडेला एखादा खांब किंवा छप्पर सापडतं आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

मूळ प्रत मिळाली की आतल्या नोंदी वाचा.

```
exiftool -a -G1 -s mool.jpg
```

इथे एक फरक नेहमी निसटतो. `GPSLatitude` आणि `GPSLongitude` कॅमेऱ्याची जागा सांगतात. `City` मात्र हाताने भरलेली असते आणि ती कॅमेऱ्याची आहे की समोरच्या दृश्याची हे त्या नोंदीतून कळत नाही. फोटोंच्या नोंदींचं मानक ठरवणाऱ्या आयपीटीसीच्या नव्या नोंदींत म्हणूनच `LocationCreated` आणि `LocationShown` असे दोन वेगळे रकाने आहेत. तीस किलोमीटरवरून टिपलेल्या शिखराच्या फोटोत दोन्ही खरे असूनही वेगळे असतात. मॉडेल कॅमेऱ्याची जागा सांगतंय आणि तुम्ही शिखराशी ताडून बघताय, असं झालं तर बरोबर उत्तरही चूक ठरवलं जातं. मॉडेलला दोष देण्याआधी एवढं बघाच. नोंदी अजिबात नसतील तर त्यावरून संशय घेऊ नका. बहुतेक समाजमाध्यमं फोटो चढवताना त्या काढून टाकतात.

फेरफार केलेले फोटो

यात सगळ्यात जास्त भेटतं ते बदललेलं आकाश. फोटोशॉपमध्ये २०२० पासून हे एका आज्ञेने होतं आणि फोनवरही होतं. मॉडेलसाठी आकाश हा मोठा पुरावा असतो, कारण ते बऱ्याचदा चित्राचा तिसरा हिस्सा तरी व्यापतं. आकाश कापलेल्या प्रतीवर उत्तर हललं असेल तर पुढची तपासणी डोळ्यांनी करा. ढगांत सूर्य डावीकडे आणि माणसांच्या सावल्याही डावीकडे पडलेल्या असतील, तर काम संपलं. पाणी असेल तर त्यातलं प्रतिबिंब बघा. आकाश बदलताना प्रतिबिंब बदलायचं अनेकदा राहून जातं. झाडाच्या बारीक फांद्यांमधल्या फटी १०० टक्के आकारावर तपासा. तिथे जुन्या आकाशाचा रंग शिल्लक राहतो. फेरफार सापडला तर आकाश कापून टाकलेल्या प्रतीचं उत्तर धरा आणि मूळ उत्तर सोडून द्या.

रंगाचे फिल्टर यापेक्षा साधे, पण जास्त घातक, कारण त्यांना कोणी फेरफार मानत नाही. ऊबदार फिल्टरने करडी माती लालसर होते, सुकलेलं गवत सोनेरी होतं आणि मॉडेल दुसऱ्याच हवामानात जाऊन बसतं. काळ्या-पांढऱ्या प्रतीशी तुलना केली की हे लगेच उघडं पडतं. राखाडी व्हायलाच हवी अशी एखादी गोष्ट, डांबर किंवा काँक्रीट, फोटोत असेल तर तिच्यावरून रंग परत जुळवून मॉडेलला नव्याने द्या.

उलटी प्रतिमा वेगळी. सेल्फीचा कॅमेरा काही फोनमध्ये आरशासारखा फोटो साठवतो, त्यामुळे कोणाचा काही हेतू नसतानाही असं होतं. अक्षरं नसतील तर घड्याळ, शर्टाची बटणं बघा. वाहनांच्या बाजूवरून देश ठरवायचा असेल तर आधी यातली एकतरी खूण जुळवा.

उभं केलेलं दृश्य

चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावाची प्रतिकृती २०१२ साली खुली झाली. लास वेगासमध्ये मूळच्या साधारण निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर आहे. अशा जागी मॉडेल चुकतं यात त्याची चूक शोधण्यात अर्थ नाही, कारण प्रतिकृती बनवणाऱ्याने नेमक्या त्याच गोष्टींची नक्कल केलेली असते ज्या मॉडेलला दिसतात. नक्कल दर्शनी भागाची होते. गटाराची झाकणं, पदपथाच्या कडा, विजेचे खांब, दिशादर्शक पाट्या या गोष्टी सहसा स्थानिकच राहतात. तेव्हा तुकड्यांची चाचणी इथे उलटी करा: प्रसिद्ध इमारत झाका आणि खालची जमीन तेवढी द्या.

चित्रपटांच्या सेटचं थोडं वेगळं. स्पेनमधल्या अल्मेरियाजवळच्या ताबेर्नास वाळवंटात १९६० च्या दशकापासून अमेरिकी पश्चिमेच्या गावांचे सेट उभे राहिले आणि त्यातले काही अजून तिथे आहेत. लाकडी सलून, धुळीचा रस्ता, मागे उघडे डोंगर. मॉडेल ॲरिझोना म्हणालं तर त्याने चित्र नीट वाचलंय, फक्त चित्रच खोटं आहे. निवडुंगाकडे बघून निकाल देऊ नका. उंच हातांचा साग्वारो निवडुंग निसर्गतः सोनोरन वाळवंटातच उगवतो, पण सेटवर प्लास्टिकचाही उभा करता येतो. हलवता येत नाही ती डोंगरांची कड. फोटोतून ती रेघ वेगळी काढा, गूगल अर्थमध्ये संशयित जागी जमिनीच्या उंचीवर उतरून त्याच दिशेला बघा आणि निदान तीन शिखरं आणि त्यांच्यामधल्या खिंडी क्रमाने जुळतात का ते पाहा. एक शिखर कुठेही जुळतं. तीन सलग जुळली की जागा पक्की मानायला हरकत नाही. ही तुलना उलट्या प्रतीवरही करून बघा, नाहीतर आरशातल्या फोटोसाठी खरी जागा तुम्हीच बाद कराल.

कधी पुढचा माणूस एका ठिकाणचा आणि मागचं दृश्य दुसरीकडचं असतं: स्टुडिओतला पडदा, जोडलेली पार्श्वभूमी. तेव्हा मॉडेल दोन्हींच्या मधलं काहीतरी सांगतं किंवा जे जास्त जागा व्यापतं त्याच्यामागे जातं. पुढचा भाग कापून एक प्रत, मागचा भाग ठेवून दुसरी प्रत, असं वेगवेगळं द्या. उत्तरं दोन देशांची आली तर दोन्हींच्या कडा आणि प्रकाशाची दिशा तपासा. जोड सापडला तर नोंदीत एक जागा लिहू नका. पुढच्या भागासाठी एक ओळ, मागच्या भागासाठी दुसरी, आणि प्रत्येकीपुढे ती किती किलोमीटरच्या परिघात धरायची ते.